थर्ड पार्टी पेरोलची ऑफर: नियुक्तीपत्रावर नाव कोणाचं, हे कसं विचारायचं

"मी नागपूरजवळ हिंगण्याला एका छोट्या कंपनीत अकाउंट्स सांभाळते. हातात २४ हजार येतात. मागच्या आठवड्यात एका स्टाफिंग फर्ममधून फोन आला. मिहानमधल्या मोठ्या कंपनीत जागा आहे, ४ लाख २० हजारांचं पॅकेज, ११ महिन्यांचा करार, पेरोल थर्ड पार्टीचा. माझी कंपनी नेमकी कोणती असेल, असं विचारलं तर म्हणाले, 'मॅडम, नोकरी कंपनीचीच आहे, पेरोल फक्त आमचा.' राजीनामा देण्याआधी खरं काय ते कसं काढू? आणि जास्त विचारलं तर संधी हातची जाईल का?"

ताई, तुम्हाला जे वाक्य ऐकवलं ते मी एकोणीस वर्षं ऐकतो आहे. सुरुवातीची काही वर्षं तर मी स्वतःच ते उमेदवारांना ऐकवत होतो. आधी धरमपेठेतल्या एका स्टाफिंग फर्ममध्ये भरतीचं काम केलं, नंतर बुटीबोरीतल्या एका कारखान्यात ठेकेदारांची बिलं आणि कागद तपासायला बसलो. दोन्ही बाजू पाहिल्यावर एवढं खात्रीने सांगतो की ते वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. नियुक्तीपत्र ज्याच्या लेटरहेडवर आहे, पीएफ ज्याच्या कोडवर भरला जातो आणि पगाराची स्लिप ज्याच्या नावाची आहे, तो तुमचा मालक. मिहानमधली कंपनी हे तुमच्या कामाचं ठिकाण. तिथला मॅनेजर काम सांगेल, रजेला हो-नाही म्हणेल, पण कागदोपत्री तुम्ही त्याच्या कंपनीच्या कर्मचारी नसाल.

आता "बहुतेक वेळा" का म्हणालो ते सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. पेरोल या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या व्यवस्था चालतात. पहिलीत कंपनी माणूस स्वतः नेमते आणि पगाराचा हिशेब, स्लिपा, पीएफची चलनं एवढं कारकुनी काम बाहेरच्या फर्मला देते. तिथे नियुक्तीपत्र कंपनीचं, पीएफ कोड कंपनीचा, बाहेरची फर्म फक्त आकडेमोड करते. ही व्यवस्था असेल तर "नोकरी कंपनीचीच" हे अक्षरशः खरं आहे. दुसरीत स्टाफिंग फर्म स्वतः तुम्हाला नेमते, कंपनीकडे कामाला पाठवते आणि दर महिन्याला तुमच्या नावाचं बिल लावते. त्या बिलात तुमचा पगार, फर्मचं सेवाशुल्क आणि वर १८ टक्के जीएसटी असतो. थर्ड पार्टी पेरोल म्हणतात ते हेच. रिक्रूटर पहिल्या व्यवस्थेचं वाक्य दुसऱ्या व्यवस्थेला लावतो. दर वेळी फसवायचा हेतू असतोच असं नाही. अनेक नव्या पोरापोरींना स्वतःलाच फरक माहीत नसतो, त्यांच्या वरिष्ठांनी शिकवलेलं ते बोलतात.

म्हणून "नोकरी कोणाची?" हा प्रश्न तसाच विचारू नका. त्याला गोल उत्तर देता येतं. नावं विचारा, कारण नाव विचारलं की समोरच्याला एकतर नाव सांगावं लागतं किंवा नाही म्हणावं लागतं. पहिलं नाव, नियुक्तीपत्र देणाऱ्या कंपनीचं पूर्ण नोंदणीकृत नाव. दुसरं, पीएफ ज्या आस्थापनेच्या कोडवर भरला जाईल तिचं. तिसरं, जिथे प्रत्यक्ष काम करायचं त्या कंपनीचं. आणि चौथं नाव, जे जवळजवळ कोणीच विचारत नाही: त्या कंपनीशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार कोणी केला आहे? पहिलं, दुसरं आणि चौथं नाव एकच असेल तर व्यवस्था सरळ आहे. ती वेगळी निघाली तर मध्ये कोणीतरी बसलेलं आहे, आणि थर्ड पार्टी पेरोलवर माणसाचे खरे हाल तिथे होतात.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. मी कारखान्यात बिलं पाहत होतो तेव्हाचं आहे. मानेवाड्याचा एक मुलगा आमच्याकडे क्वालिटी तपासणीला होता. १ सप्टेंबरला रुजू झाला, हातात साडेबावीस हजार. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पगार दहा तारखेच्या आसपास आला. नोव्हेंबरचा मात्र डिसेंबर संपत आला तरी नाही. तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "काका, फर्मवाले म्हणून राहिले की कंपनीनेच बिल दिलं नाही." मी वही काढली. ज्या ठेकेदाराने त्याला पाठवलं होतं, त्याचं देय झालेलं प्रत्येक बिल आम्ही ठरलेल्या मुदतीत चुकतं केलेलं होतं. त्याला नियुक्तीपत्र आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आणलं तर त्यावर त्या ठेकेदाराचं नावच नव्हतं. लेटरहेड भलत्याच एका फर्मचं, जिचं नाव आमच्या कुठल्याही कागदावर नव्हतं.

झालं असं होतं. आमचा करार पहिल्या ठेकेदाराशी. त्याच्याकडे तेव्हा माणसं नव्हती, म्हणून त्याने दुसऱ्या लहान फर्मकडून पाच पोरं घेतली आणि स्वतःची म्हणून आम्हाला दाखवली. आम्ही एका माणसाचे महिन्याला ३४ हजार देत होतो. पहिला त्यातले तीन ठेवून ३१ दुसऱ्याला देत होता. दुसरा पीएफ धरून त्या मुलावर २७ खर्च करत होता आणि उरलेले ठेवत होता. त्यात भर म्हणजे आमचे पैसे साठ दिवसांच्या उधारीवर जायचे, पहिला ते मिळाल्यावरच पुढे सरकवायचा, आणि दुसऱ्याकडे दोन महिने पगार स्वतःच्या खिशातून काढायला भांडवल नव्हतं. दोन महिने कसेबसे निघाले, तिसऱ्याला गाडी अडली. मुलाच्या पासबुकात पाहिलं तर पगारातून दोन महिने पीएफ कापलेला आणि जमा फक्त एका महिन्याचा.

आमच्या करारात लेखी परवानगीशिवाय पोटठेका द्यायला मनाई होती, तेवढंच हत्यार हाती होतं. ठेकेदाराचं पुढचं बिल थांबवलं आणि त्या पाच पोरांच्या नावासह वेतन नोंदवही आणि पीएफचं चलन मागितलं. ते त्याच्याकडे असणारच नव्हतं. जानेवारीच्या मध्यावर त्याने पाचही जणांचे पैसे थेट त्यांच्या खात्यात भरले. पीएफचं प्रकरण मात्र रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात तक्रार करून बऱ्याच चकरांनंतर सुटलं. मला आजही जे लागतं ते हे, की त्या मुलाच्या हातात उत्तर पहिल्या दिवसापासून होतं. ऑफरचा ईमेल एका फर्मच्या पत्त्यावरून आलेला आणि सोबतचं पत्र दुसऱ्या फर्मच्या लेटरहेडवर. त्याने फक्त पगाराचा आकडा वाचला होता. घरात पहिली नोकरी लागलेल्या पोराला दोष तरी काय द्यायचा.

आता तुमच्या भीतीकडे येतो, की विचारलं तर संधी जाईल. नाव विचारण्याची योग्य वेळ साधली तर जात नाही. पहिल्याच फोनवर रिक्रूटरने कामाच्या ठिकाणाचं नाव न सांगणं यात वावगं काही नाही. तीच जागा चार फर्मांकडे असते. नाव फुटलं की उमेदवार थेट कंपनीकडे जातो किंवा दुसरी फर्म आपला माणूस पुढे करते. मी स्वतः असंच लपवत असे. पण हे लपवणं तुमचा बायोडेटा पुढे पाठवेपर्यंतच चालतं. पाठवण्याआधी ते नाव तुम्हाला कळलंच पाहिजे, आणि त्याला व्यवहारातलं साधं कारण आहे. तुमचाच बायोडेटा दोन फर्मांकडून एकाच कंपनीकडे गेला तर कंपनीच्या सिस्टिममध्ये तो दोनदा दिसतो. काही ठिकाणी आधी आलेल्या फर्मचा धरतात, काही ठिकाणी भांडण नको म्हणून दोन्ही बाजूला टाकतात. म्हणून रिक्रूटरला हेच कारण सांगा: "माझा बायोडेटा आणखी कोणी पाठवलेला असेल तर तुमचीच अडचण होईल, म्हणून कंपनीचं नाव सांगा." हे ऐकल्यावर कामाचा रिक्रूटर नाव सांगतो, कारण नुकसान त्याचंही आहे.

स्वतःच्या फर्मचं नाव, नियुक्तीपत्र कोणाचं आणि पीएफ कोड कोणाचा, हे मात्र गुपित असण्याचं काहीच कारण नाही. ते पहिल्या फोनवरही विचारता येतं. बोलताना सूर तक्रारीचा नको, कागद भरायला माहिती हवी आहे असा ठेवा. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, तुमच्या तोंडी तो सहज शोभतो. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी असं लिहून पाठवा:

"नमस्कार. आज फोनवर बोललो त्याप्रमाणे मला या जागेत रस आहे. पुढे जाण्याआधी कृपया एवढं कळवा: नियुक्तीपत्र कोणत्या कंपनीच्या नावाने मिळेल (पूर्ण नोंदणीकृत नाव), पीएफ कोणत्या आस्थापना कोडवर भरला जाईल, आणि मिहानमधल्या कंपनीशी करार थेट तुमच्या फर्मचा आहे की मध्ये आणखी कोणी आहे. माझं यूएएन आधीपासून आहे, म्हणून कोड लागेल."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. आधीचा पीएफ चालू असणाऱ्याला नवा कोड विचारणं इतकं साहजिक आहे की कोणाला राग येत नाही. त्याचा दुसराही फायदा आहे. काही फर्मा मूळ पगार १५ हजारांच्या वर दाखवून "तुम्हाला पीएफ लागू नाही" म्हणतात. पीएफमध्ये कधीच नसलेल्या माणसाला ते लागू पडू शकतं. तुम्ही आधीपासून सभासद असाल आणि खातं चालू असेल, तर पीएफ लागू असलेल्या आस्थापनेत ती सबब चालत नाही, निदान १५ हजार पगार धरून पीएफ भरावाच लागतो.

उत्तर कसं येतं त्यावरून पुष्कळ कळतं. "नियुक्तीपत्र आमच्याच कंपनीचं, कोड हा, करार थेट आहे" असं दोन ओळींत आलं तर चांगलं. "आमच्या ग्रुपमधल्या कंपनीच्या नावाने देतो" असं आलं तर त्या कंपनीचं नाव आणि करार तिच्या नावावर आहे का, हे पुन्हा विचारा, कारण पोटठेका झाकायला हेच शब्द वापरतात. "रुजू झाल्यावर पत्र देऊ" असं आलं तर राजीनामा देऊ नका. "आधी नोंदणीचे किंवा ट्रेनिंगचे एवढे भरा" असं आलं तर बोलणं तिथेच थांबवा. खऱ्या स्टाफिंग फर्मला पैसे कंपनीकडून मिळतात, तुमच्याकडून घ्यायचं तिला कारण नसतं.

नावं मिळाली की घरबसल्या तपासा. नाव प्रायव्हेट लिमिटेडचं असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे लेटरहेडवर नोंदणीकृत पत्ता आणि २१ अक्षरी सीआयएन क्रमांक छापलेला असावा लागतो. mca.gov.in वर कंपनीची माहिती काढली की ती कधी स्थापन झाली आणि चालू आहे का, ते दिसतं. जीएसटी क्रमांक मिळाला तर services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाका. महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर तो 27 ने सुरू होतो. पण इथे थांबू नका. यातून फर्म अस्तित्वात आहे एवढंच कळतं, ती पगार वेळेवर देते का ते कळत नाही.

त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतं ते epfindia.gov.in वरचं Establishment Search. फर्मचं नाव किंवा कोड टाकला की आस्थापनेची नोंद येते, आणि पुढे भरणा कोणत्या महिन्याचा, कोणत्या तारखेला आणि किती माणसांचा झाला, ते पाहता येतं. नागपूर कार्यालयाचे कोड NGNAG ने सुरू होतात. फर्मचं मुख्यालय मुंबई किंवा बंगळुरूला असेल तर कोड तिकडचा असेल, त्याने घाबरायचं कारण नाही. पाहायचं ते तारखांकडे. एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. मागच्या वर्षभराचा भरणा वेळेत दिसला तर फर्मच्या हातात पैसा खेळता आहे असं समजा. दोन-दोन महिने एकदम भरलेले दिसले, तर पगारही तसेच अडकत असण्याची शक्यता मोठी. आणि फोनवर "आमची चारशे माणसं कामाला आहेत" म्हणणाऱ्या फर्मचा पीएफ नऊ जणांचा दिसला, तर उरलेली माणसं कोणाच्या कोडवर आहेत, हे विचाराच. काही जण पीएफच्या कक्षेबाहेर असू शकतात हे खरं, पण चारशेत नऊ हा फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

चौथं नाव, म्हणजे करार कोणाचा, हे कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही. ते एकाच ठिकाणी पक्कं कळतं, मिहानमधल्या कंपनीच्या मुलाखतीत. शेवटी "काही विचारायचं आहे का?" म्हणतात, तेव्हा शांतपणे विचारा, "माझा अर्ज तुमच्याकडे कोणत्या व्हेंडरच्या नावाने आला आहे?" समोरच्याच्या स्क्रीनवर ते नाव असतं आणि सांगायला त्याला काही अडचण नसते. ते नाव आणि ऑफरवरचं नाव जुळलं तर मधला कोणी नाही. जुळलं नाही तर त्याच दिवशी रिक्रूटरला दोन्ही नावं लिहून खुलासा मागा. कधी कधी कारण साधं निघतं. मोठ्या कंपन्या सगळ्या फर्मांचं व्यवस्थापन एका मुख्य व्हेंडरकडे देतात आणि बाकीच्या फर्मा उघडपणे, कंपनीच्या माहितीत, त्याच्याखाली काम करतात. त्या साखळीत दोष नाही, कारण कंपनीला तुमच्या फर्मचं नाव ठाऊक असतं. धोका आहे तो कंपनीला ठाऊक नसलेल्या कडीचा.

पॅकेजबद्दल थोडं, कारण तुमचा निर्णय त्यावर आहे. ४ लाख २० हजार म्हणजे महिन्याला ३५ हजार. मूळ पगार त्याच्या निम्मा, साडेसतरा हजार धरू. पॅकेजमध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीचे ८४२ आणि विम्याचे समजा ५०० धरलेले असतील, तर स्लिपवर उरतात ३१,८५८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसायकर २०० गेला की हातात २९,८५८. आजच्यापेक्षा पाच हजार आठशेच्या वर जास्त. हा फरक खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण ग्रॅच्युइटीचे ८४२ तुमच्या हातात येत नाहीत, ते मालक बाजूला ठेवतो. ११ महिन्यांनी करार संपला तर ती रक्कम मिळणार का, आणि करार वाढवला तर सेवा सलग धरणार का, हे नियुक्तीपत्र देणाऱ्या फर्मलाच विचारायचं आहे. पुढे कंपनीने व्हेंडर बदलला आणि तुम्ही त्याच खुर्चीवर नव्या फर्मच्या पेरोलवर गेलात, तर जुनी फर्म सेवा संपली असंच धरते.

तशीच एक ओळ पत्रात शोधा: "ही नेमणूक क्लायंटकडील कामाच्या कालावधीपुरती आहे." ती असेल तर मिहानमधल्या कंपनीने नको म्हटल्यावर तुमची नोकरीही संपते, फर्म दुसरीकडे काम देईपर्यंत पगार देत नाही. नोटीसची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का, तेही तिथेच पाहा. तुम्हाला साठ दिवस आणि त्यांना सात दिवस असं असेल तर सही करण्याआधी बोला. फर्मने तुमच्यावर खर्च केलेला असतो, निवड झाल्यावर एवढ्या कारणावरून ती माणूस सोडत नाही.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून यात दोन पक्ष मानले आहेत, ठेकेदार आणि मुख्य नियोक्ता. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर मुख्य नियोक्त्याने ते द्यायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं, हे त्यातलं सर्वांत कामाचं तत्त्व. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेतही ते तत्त्व आहे, आणि नियुक्तीपत्र देणं तिने मालकावर बंधनकारक केलं आहे. पीएफच्या योजनेतही ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरली जाण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते. मात्र याच्या मर्यादा आहेत. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० किंवा जास्त कंत्राटी माणसं असलेल्या ठिकाणी लागतात आणि व्यवस्थापकीय कामावरच्या माणसाला हे संरक्षण मिळत नाही. आणि वेतनाची जबाबदारी आली म्हणून तुम्ही त्या कंपनीच्या कर्मचारी ठरत नाही. स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितलं आहे की कंत्राटी कामगार आपोआप मुख्य नियोक्त्याच्या सेवेत जात नाहीत. म्हणून "वर्षभरात कंपनी आपल्या पेरोलवर घेते" असं रिक्रूटर म्हणाला तर ती शक्यता समजा, करार समजू नका. मागच्या दोन वर्षांत या जागेवरून किती जणांना घेतलं, एवढं मुलाखतीत विचारून पाहा.

फॉर्म १६ वरून मालक ओळखा, असा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो चुकीचा नाही, पण तुमच्या पगारावर आजच्या नव्या करप्रणालीत आयकरच बसत नाही, त्यामुळे टीडीएस कापला जाणार नाही आणि कदाचित तो कागद तुमच्यापर्यंत येणारही नाही. उलट पगारातून सरळ १० टक्के कापलेले दिसले तर सावध व्हा. तो बहुधा व्यावसायिक फीवरचा टीडीएस असतो, म्हणजे फर्मने तुम्हाला कर्मचारी म्हणून नेमलेलंच नाही, सल्लागार म्हणून दाखवलं आहे. त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, प्रसूती रजाही नाही.

घेतलीत ही नोकरी, तर बायोडेटात ती कशी लिहायची हेही आताच ठरवा. मानेवाड्याच्या त्या मुलाने पुढच्या नोकरीच्या वेळी सरळ आमच्या कारखान्याचं नाव लिहिलं. पडताळणी करणाऱ्या एजन्सीने आमच्या एचआरला विचारलं, एचआरने रजिस्टर पाहून कळवलं की या नावाचा आमचा कर्मचारी नाही. खोटं लिहिलं असा शिक्का बसायची वेळ आली होती. मी गेट पासच्या नोंदी आणि ठेकेदाराचं बिल जोडून पत्र दिलं तेव्हा कुठे निभावलं. तुम्ही मालक म्हणून फर्मचं नाव लिहा आणि खाली "कामाचं ठिकाण" म्हणून कंपनीचं.

आज संध्याकाळी तो मेसेज पाठवा. उत्तर येईपर्यंत हिंगण्याच्या नोकरीवर हात ठेवून राहा, आणि उत्तर आल्यावरही नियुक्तीपत्र हातात पडून त्यावरचं नाव मुलाखतीत कळलेल्या नावाशी जुळेपर्यंत राजीनामा देऊ नका. रुजू झाल्यावर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेनंतर, नोंद चढायला दोन-चार दिवस देऊन, यूएएनचं पासबुक उघडा. तिथे नवा सभासद क्रमांक आणि आस्थापनेचं नाव दिसायला हवं, नियुक्तीपत्रावर होतं तेच. वेगळं दिसलं तर पहिल्या महिन्यातच फर्मला लेखी विचारा आणि त्याची प्रत मिहानमधल्या कंपनीत व्हेंडरची कामं पाहणाऱ्या माणसाला द्या.